फोटोच्या कोपऱ्यातली केशरी तारीख : गिम्प सात महिने वापरल्यावर

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. आधी हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो, कारण गिम्प हे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर फुकट नसतं तर मी या वाटेला गेलोच नसतो.

देवगडला आमच्या जुन्या घराच्या पायरीवर बसलेल्या आजीचा एक फोटो आहे. काकांनी दुबईहून आणलेल्या कॅमेऱ्यातला, चार बाय सहाचा. खालच्या उजव्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत '९४ १ ३ असं छापलंय. आत्याला तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता, पण तारखेशिवाय. मी तालुक्याच्या एका स्टुडिओत दिला. दोनशे रुपये घेऊन त्यांनी काय करावं? खालची पट्टी सरळ कापून टाकली! तारीख गेली, तिच्यासोबत खालची पायरी आणि आजीची पावलंही गेली. आत्याने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "ह्यां काय केलंस रे? पायरी खंय गेली?" मी परत भांडायला गेलो, तर दुसऱ्या खेपेला आकड्यांच्या जागी मातकट डाग आणून दिला. पैसे परत नाहीतच. उलट "निगेटिव्ह आणा, बघू" म्हणाले.

निगेटिव्ह नेऊन काही होणार नव्हतं, हे मला नंतर कळलं. ही तारीख कागदावर शाईने छापलेली नसते. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातला छोटा दिवा फोटो काढतानाच फिल्मवर आकडे उजळवतो. म्हणजे निगेटिव्हवरच तारीख असते आणि नवी प्रिंट काढली तरी ती तिथेच येते. आमच्या एका चुलतभावाने प्रिंटवर स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला होता. तारीख जागची हलली नाही, चकाकी मात्र गेली. तो प्रयोग कुणी करू नका.

तर मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर गिम्प टाकलं. घरचा स्कॅनर होताच. पहिला महिना वाया गेला, चूक माझीच. मी आत्याने व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या फोटोवर काम करत होतो. अशा दाबलेल्या फाइलीत उजेडाचा तपशील बऱ्यापैकी राहतो, पण रंगाचा तपशील कमी करून ठेवतात, त्यामुळे केशरी रंग आकड्याबाहेर शेजारच्या ठिपक्यांत पसरतो. मूळ प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन करून पीएनजीमध्ये ठेवली आणि अर्धी कटकट मिटली. माझ्या फोटोत आकडे जेमतेम ३ मिलिमीटर उंच आहेत, म्हणजे स्कॅनमध्ये सत्तरेक ठिपके. काम करायला तेवढे पुरतात.

आता माझा खरा छळ करणारी गोष्ट : आकड्यांभोवतीचं केशरी धुकं. आकडे पुसणं अवघड नाही. दिव्याचा उजेड फिल्मच्या आत थोडा पसरतो आणि प्रत्येक आकड्याभोवती फिकट केशरी कड सोडतो. माझ्या फोटोत ती आठ-दहा ठिपके रुंद निघाली. आकडे गेले आणि कड राहिली, की फोटो लांबून ठीक वाटतो, पण तिथे काहीतरी आजारी दिसतं. मोठी प्रिंट काढली की तारीख पुन्हा वाचता येईल इतपत ती कड बोलते. स्टुडिओवाल्याचा मातकट डाग म्हणजे दुसरं काही नव्हतं. ही कड डोळ्यांना चुकते, म्हणून मी तपासायला `Colors > Hue-Saturation` मध्ये सॅच्युरेशन शेवटपर्यंत नेऊन बघतो आणि मग मागे फिरवतो. राहिलेलं केशरी त्यात चक्क पेटतं.

पहिले तीन महिने मी हील या हत्याराला मनापासून शिव्या दिल्या. त्याने आकड्यावरून ब्रश फिरवला की केशरी जाण्याऐवजी सगळीकडे सारवल्यासारखं व्हायचं. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर दोन तारे दिले असते. ते मत मागे घेतो. हील दुसरीकडून पोत आणतं, पण रंग ब्रशच्या कडेला जो सापडेल त्याच्याशी जुळवतं. माझा ब्रश बारीक, त्याची कड नेमकी केशरी धुक्यात. मग ते बिचारं केशरीशीच जुळवून घेणार. ब्रश धुक्याच्या बाहेर स्वच्छ जागेवर टेकेल इतका मोठा केला, किंवा आधी शेजारचा तुकडा जसाच्या तसा आणणाऱ्या क्लोन या हत्याराने आकडा झाकून नंतर वरून हील फिरवलं, की ते शहाण्यासारखं वागतं. दोष हत्याराचा नव्हता. पण त्या खिडकीत कुठे तशी एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

या फोटोत तीन आकडे तीन वेगळ्या जागी पडलेत. '९४ जांभ्याच्या पायरीवर, १ आजीच्या हिरव्या नऊवारीवर आणि ३ सारवलेल्या अंगणावर. अंगणाचा ३ पाच मिनिटांत गेला, शेजारचंच अंगण घेऊन. जांभ्यालाही क्लोन पुरलं. चिऱ्यातली भोकं कशीही असतात, त्यामुळे शेजारच्या पायरीचा तुकडा आणून बसवला तरी कुणाला कळत नाही. फक्त एकाच ठिकाणाहून सारखं घेऊ नका. मी घेतलं, आणि मोठ्या प्रिंटमध्ये तीच दोन भोकं शेजारीशेजारी तीनदा दिसली, जुळी-तिळी असल्यासारखी. आता तीन वेगळ्या जागांवरून घेतो.

अडलं ते नऊवारीवर. हिरव्यावर पांढरी बारीक चौकड आणि शेजारी जरीचा काठ. चौकड क्लोन केली तर रेघा जुळत नाहीत, कारण लुगड्याची घडी तिथेच वळते. ती घडी फोटोत दुसरीकडे कुठेच नाही. इथे मला जे सापडलं त्याचेच चार तारे आहेत.

रंगीत फिल्ममध्ये निळा, हिरवा आणि लाल उजेड टिपणारे वेगवेगळे थर असतात. तारखेचा दिवा तांबूस-केशरी. त्याने लाल टिपणारा थर जळून निघतो, हिरव्याला थोडी झळ लागते आणि निळ्यापर्यंत जवळजवळ काही पोचत नाही. म्हणजे तारखेखालची चौकड निळ्या थरात शाबूत असते! `Colors > Components > Decompose` मध्ये RGB निवडून थर वेगळे केले, तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. लाल थरात १ पांढराशुभ्र, हिरव्यात धूसर आणि निळ्यात जवळपास गायब, खाली आजीची चौकड जशीच्या तशी.

पुढचं काम उसनवारीचं. रंग मोजण्याच्या हत्याराने पाहिलं, तर आकड्यापासून दूरच्या लुगड्यावर लाल थर सुमारे ६० होता आणि निळा सुमारे ५०. आकड्यावर मात्र लाल २५० च्या घरात. तेवढ्या भागापुरता निळ्याचा तुकडा उचलला, लाल थरावर चिकटवला आणि `Colors > Curves` ने आजूबाजूच्या इतका उजळ केला. हिरव्या थरात तेच, फक्त तिथे जास्त उजळ करावं लागलं, कारण लुगडंच हिरवं. निवड करताना आकड्याच्या कडेपेक्षा दहा-बारा ठिपके जास्त घ्यायचे आणि कड मऊ करायची, म्हणजे धुकंही त्यातच जातं. शेवटी `Recompose`. मूळ फोटोची खिडकी तोवर उघडी ठेवा, कारण बदल तिथेच परत बसतात. एकदा ऐन या टप्प्यावर पावसाने वीज गेली आणि बॅटरी आधीच मेलेली. दोन तासांचं काम गेलं. तेव्हापासून प्रत्येक पायरीनंतर फाइल सेव्ह करतो.

हे जादू नाही, हेही सांगायला हवं. जांभ्यावर मी हीच युक्ती आधी करून पाहिली होती आणि तोंडावर पडलो. जांभा मुळात तांबडा, त्यात निळं असतं कितीसं? त्या अंधाऱ्या थराला ओढून उजळ केलं की नुसते दाणे दिसतात. जरीवरही ती फसली. पिवळी जर लाल आणि हिरव्या थरात चमकते, पण निळ्यात लुगड्याइतकीच काळी असते, त्यामुळे उसना आणलेला तुकडा काठच गिळून बसला. तिथे मी लाल थरासाठी निळ्याऐवजी हिरवा वापरला. हिरव्याला झळ लागली होती, पण जरीची रेघ तिच्याखाली दिसत होती. `Curves` ने तो भाग खाली दाबला आणि राहिलेलं हाताने भरलं. तरी काठाचा तांदळाएवढा भाग माझ्या अंदाजाचा आहे, हे मी मान्य करतो. आत्याला सांगितलेलं नाही.

कापलेला तारा निवडीसाठी, म्हणजे काम करायचा भाग आखून घेण्यासाठी. लाल थरावर ठेवलेली निवड निळ्या थरावर तशीच न्यायला मला दोन महिने जमलं नाही, दर वेळी हाताने नव्याने काढत होतो. निवड चित्राची असते, थराची नाही, त्यामुळे वेगळ्या थरावर टिचकी मारली तरी ती तशीच राहते, हे कळलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. पण राग सॉफ्टवेअरवर काढणं स्वस्त पडतं.

खर्चाचा हिशोब : गिम्प शून्य, वीज नगण्य, मोठ्या प्रिंटचे मी दुसऱ्या गावात दीडशे दिले. स्टुडिओत गेलेले दोनशे मी अजून वसूल करायचे म्हणतोय.

आणि तारीख मुळात खोटी होती. फोटोत आजीच्या मागे पडवीत आंब्याची आढी लागलेली दिसते, पेंढ्यातून पिकलेले हापूस डोकावतायत. जानेवारीच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आढी? काकांनी सेल बदलला असेल आणि घड्याळ लावायला विसरले असतील. स्कॅनची मूळ फाइल तारखेसकट वेगळी ठेवली आहे, आणि प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने "बहुतेक मे महिना" लिहिलंय. वर्षाचं आत्या आणि काकांचं अजून जमत नाही.

त्याच अल्बममधले बावीस फोटो बाकी आहेत. त्यातल्या एकात तारीख काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली आहे आणि शोधूनही नीट दिसत नाही, कारण तिथे फिल्म आधीच उजेडाने भरलेली होती. तो तसाच ठेवणार आहे.