सोसायटीचा क्लबहाऊस की प्ले झोन? सहा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाची महिनाभराची तयारी

वाढदिवस जवळ आला की घरात पहिला प्रश्न हॉलचा निघतो, आणि तो बहुतेक वेळा भाड्यावर सोडवला जातो. मला विचाराल तर भाडं नंतर बघा. जागा ठरली की आमंत्रण, खाणं आणि खेळ या तिन्ही गोष्टींची वाटही ठरते, आणि दोन्ही जागांची अडचण वेगवेगळी असते. प्ले झोनमध्ये खरी परीक्षा मुलांच्या आकड्याची, तर क्लबहाऊसमध्ये हाताखालच्या माणसांची. यातलं तुमच्याकडे काय कमी आहे ते आधी ओळखा.

उदाहरण म्हणून पुण्या-ठाण्यातलं एखादं घर घेऊ. मुलगी सहा वर्षांची होणार आहे, वर्गातली आणि सोसायटीतली मिळून पंधरा-सोळा मुलं बोलवायची आहेत, शनिवारची संध्याकाळ आहे.

चार आठवडे आधी: जागा

प्ले झोनचा दर बहुधा डोक्यामागे असतो आणि त्याला किमान संख्येची अट असते. समजा दर ७०० रुपये आणि किमान २० मुलं. म्हणजे १४,००० रुपये ठरलेलेच. मुलं १४ आली तर प्रत्येक मूल हजाराला पडलं. शिवाय थांबणाऱ्या पालकांच्या प्लेटचे पैसे वेगळे. बारा पालक, ३०० रुपये प्लेट, म्हणजे आणखी ३,६००. बाहेरचा केक चालतो का, हेही बुकिंगआधीच विचारा.

क्लबहाऊसचं भाडं समजा ३,०००, तीस जणांचं खाणं २०० रुपये प्लेटने ६,०००, वाढायला आणि आवरायला दोन माणसं हजारात. दहा हजारांत काम होतं. केक आणि रिटर्न गिफ्ट दोन्हीकडे वेगळेच. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले टाकून हाच हिशेब करा.

आता या हिशेबात न दिसणारी गोष्ट. क्लबहाऊसमध्ये तीन मोठी माणसं पूर्ण वेळ लागतात: एक खेळ घेणारा, एक खाण्याकडे बघणारा आणि एक फक्त दारावर. सहा वर्षांची मुलं लपाछपीच्या भरात थेट पार्किंगपर्यंत जातात, म्हणून दारावरचा माणूस जागचा हलता कामा नये. आजी-आजोबांना या तिघांत धरू नका. ते औक्षणात आणि पाहुण्यांत असतात, आणि असावेत. मामा, आत्या, शेजारच्या काकू असे तिघे नावानिशी ठरत नसतील तर प्ले झोनचे जास्तीचे पैसे योग्य जागी जातात.

तारीख ठरवताना शाळेच्या परीक्षा बघाच, पण संकष्टी आणि श्रावणी शनिवारही बघा. मुलांना फरक पडत नाही, सोबत आलेल्या पालकांचा मात्र उपास असतो.

दोन आठवडे आधी: आमंत्रण

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमंत्रण टाकू नका. ज्यांना बोलवायचं नाही त्यांनाही ते दिसतं, आणि ग्रुपवरचा अंगठा म्हणजे ‘येतो’ असा अर्थ धरता येत नाही. प्रत्येक पालकाला वेगळा निरोप पाठवा.

क्लबहाऊससाठी एवढं पुरतं: ‘शनिवारी संध्याकाळी ५ ते ७.३०, आपल्या क्लबहाऊसमध्ये. धाकटं भावंड येणार असेल तर नक्की आणा, फक्त आधी कळवा. काही खाणं चालत नसेल तर तेही सांगा.’ संपायची वेळ लिहायला संकोच करू नका. पालकांना न्यायला कधी यायचं ते कळतं.

प्ले झोनसाठी निरोप बदलतो. तिथला स्लॉट ५ ते ७ म्हणजे पाचला तुमचं घड्याळ सुरू, पाहुणे आले असोत वा नसोत. म्हणून निरोपात पावणेपाच लिहा. मोजे आणा, फ्रॉकऐवजी पँट घाला, हेही कळवा. भावंडांचं आधीच स्पष्ट बोला, कारण तिथे आत शिरलेलं प्रत्येक मूल बिलात येतं. उत्तराची शेवटची तारीख द्या आणि त्या दिवशी उरलेल्यांना फोन करा. आकडा जागेच्या माणसाला कळवला की तो खाली आणता येत नाही, वाढवता मात्र बहुधा येतो. म्हणून नक्की सांगणाऱ्यांचाच आकडा द्या, ‘बघतो’ म्हणणाऱ्यांना त्यात मोजू नका.

आठवडाभर आधी: खाणं

प्ले झोनच्या पॅकेजात मेन्यू ठरलेला असतो: पिझ्झा, नूडल्स, फ्रेंच फ्राइज. तुमचं काम एवढंच की दाणे, अंडं किंवा दूध न चालणारं मूल असेल तर आधी सांगायचं, आणि जैन प्लेट लागणार असेल तर तीही.

क्लबहाऊसमध्ये पाव-भाजी सोपी जाते, कारण ती गरम ठेवता येते आणि उशिरा येणाऱ्यालाही मिळते. तिखट घालायच्या आधी मुलांची भाजी वेगळी काढून घ्या. सोबत छोट्या इडल्या ठेवल्या की काहीच न खाणारी मुलंही दोन खातात. धाकटी भावंडं असतील तर खारे दाणे आणि अख्खी द्राक्षं ताटात नकोत, घशात अडकतात.

केकचा हिशेब साधा आहे. किलोभर केकचे साठ-सत्तर ग्रॅमचे पंधराएक तुकडे होतात, तेव्हा तीस जणांना दोन किलो पुरतो. तीन किलो घेतला तर एक किलो फ्रिजमध्ये जातो.

तो दिवस: खेळ

प्ले झोनमध्ये खेळ घ्यावे लागत नाहीत, आवरते घ्यावे लागतात. स्लॉट संपायला पाऊण तास उरला की मुलांना बाहेर बोलवायला सुरुवात करा. ट्रॅम्पोलिनवर मोठी आणि लहान मुलं एकत्र उडत असतील तर तिथल्या माणसाला सांगून वेगळी करा. जोरात आपटलेलं मूल बहुधा लहानच असतं.

क्लबहाऊसमध्ये क्रम महत्त्वाचा. पहिला अर्धा तास मुलं एकेक करून येतात, त्यामुळे गट लागणारा खेळ तेव्हा जमत नाही. जमिनीवर कागदाचा लांब रोल पसरून खडू ठेवा. येईल ते मूल बसतं आणि रंगवायला लागतं, लाजरं मूलही. सगळी जमली की तळ्यात-मळ्यात आणि ‘शिवाजी म्हणतो’. संगीत खुर्चीत बाद झालेली मुलं कंटाळतात आणि धावपळ तिथूनच सुरू होते. बाद झालेल्याला गाणं थांबवायचं काम द्या, बघा कसं लक्ष देऊन बसतात.

धावायचे खेळ खाण्याआधी संपवा. सव्वासहाला औक्षण, मग केक, आणि केकचा तुकडा जेवणाच्या प्लेटमध्येच द्या. केक आधी वेगळा दिला की मुलं भाजीकडे वळत नाहीत. खाल्ल्यावर बसून खेळायचं पार्सल, कारण भरल्या पोटी पळालेलं मूल ओकतं.

दोन्ही जागांना लागू असलेली एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. मेणबत्ती पेटलेली असताना फेसाचा स्प्रे उडवू देऊ नका. त्यातला वायू पेट घेतो आणि समोर मुलाचा चेहरा असतो. तरंगणारे फुगे घेणार असाल तर त्यांत हेलियम आहे याची खात्री करा. स्वस्तातल्या फुग्यांत हायड्रोजन असू शकतो, आणि तो ठिणगीने भडकतो. खात्री होत नसेल तर तोंडाने किंवा पंपाने फुगवलेले फुगे भिंतीला लावा. ते त्याच दिवशी सकाळी फुगवा, आदल्या रात्रीचे संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचलायचं काम दारावरच्या माणसाला नको, खाण्याकडे बघणाऱ्याला द्या.