दारातून परत गेलेल्या रसिकांना पत्र: सोबत पैसे द्यावेत की पुढची खुर्ची?

ठाण्यात आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत दोनदा असं झालं की हातात प्रवेशिका असलेल्या माणसांना दारातून परत जावं लागलं. एकदा पाडव्याच्या मैफलीला आणि नंतर दिवाळी पहाटेला. दोन्ही वेळा माफीचं पत्र मीच लिहिलं. पहिल्या पत्रासोबत येण्याजाण्याच्या खर्चापोटी माणशी २०० रुपये दिले, दुसऱ्यासोबत पुढच्या कार्यक्रमातल्या खुर्च्या. कुणी या दोन्हींत निवड करत असेल, तर माझा अनुभव सांगतो.

तिकिटाचे पैसे दोन्ही वेळा परत केले. ती भरपाई नाही, ते त्यांचेच पैसे. भरपाईचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

दिवाळी पहाटेचा हिशेब असा होता. सभागृह ३०० खुर्च्यांचं, त्यातल्या पुढच्या ४० देणगीदार आणि कलाकारांच्या घरच्यांसाठी राखीव. उरलेल्या २६० साठी आम्ही १९० तिकिटं विकली आणि ९० सन्मानिका वाटल्या, म्हणजे २८०. सन्मानिकेवरचे एक तृतीयांश लोक येत नाहीत, हा आमचा नेहमीचा अंदाज. त्या दिवशी जवळपास सगळे आले. शिवाय मिक्सर आणि कॅमेऱ्याने मागच्या ९ खुर्च्या अडवल्या, त्या आम्ही मोजल्याच नव्हत्या. २७ जण बाहेर राहिले. त्यांतलं एक वयस्कर जोडपं ऐरोलीहून पहाटे रिक्षा करून आलं होतं.

पैशांच्या पत्राच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. विषय तिथेच मिटतो, आणि ज्याला आमच्याकडे पुन्हा यायचं नाही त्याच्यावर जबरदस्ती होत नाही. काही जणांना तेच योग्य वाटलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण मला छळलं ते एका ओळीने: 'कृपया आपला यूपीआय क्रमांक कळवावा.' तिकिटं बहुतेकदा एकजण चौघांसाठी काढतो, काही जण खिडकीवर रोखीने घेतात, सन्मानिकेवाल्यांनी तर पैसे भरलेलेच नसतात. त्यामुळे प्रत्येकाला विचारण्याशिवाय मार्ग नव्हता. आणि आजच्या दिवसांत अनोळखी नंबरवरून 'पैसे द्यायचे आहेत, क्रमांक कळवा' असा निरोप आला की ज्येष्ठ माणसांना आधी फसवणूकच आठवते. नौपाड्यातल्या एका काकूंनी मुलाला फोन लावायला सांगितलं, त्याने मला चांगलंच फैलावर घेतलं आणि खात्री पटल्यावर म्हणाला, "काका, चूक तुमची, मग माहिती आम्ही का द्यायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वेळी २२ पैकी ९ जणांनी शेवटपर्यंत उत्तरच दिलं नाही. म्हणजे पत्र पोचलं, भरपाई पोचली नाही.

दुसऱ्या वेळी त्यामुळे पत्रात काही मागितलंच नाही. तिकिटाचे पैसे कार्यकर्त्यांनी पाकिटातून घरी नेऊन दिले, तेही तिसऱ्या दिवसाच्या आत. सोबतचं पत्र असं होतं:

'सभागृहात जागा होती त्यापेक्षा जास्त प्रवेशिका आम्ही दिल्या. ही चूक आमची आहे आणि त्याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो. १४ जानेवारीच्या मैफलीसाठी ड रांगेतील ११ व १२ या खुर्च्या आपल्या नावाने राखल्या आहेत. आपण येऊ शकत नसाल तर घरच्या कुणालाही पाठवावे.'

पहिल्या मसुद्यात 'रसिकांच्या उदंड प्रतिसादामुळे' असं होतं. ते मी काढलं, कारण त्यात दोष येणाऱ्यांवर जातो. 'गैरसोयीबद्दल दिलगीर' हेही काढलं. पहाटे उठून, नटून आलेल्या माणसाला परत पाठवणं याला गैरसोय म्हणवत नाही.

खुर्चीच्या पत्राची सगळी मदार तो क्रमांक छापण्यावर आहे. 'पुढील कार्यक्रमात प्राधान्य देऊ' असं लिहिलंत तर माणूस पुन्हा रांगेतच उभा राहणार. विक्री उघडण्याआधी प्लॅनवर त्या खुर्च्या नावासकट खोडून घ्या आणि ती यादी दारावरच्या कार्यकर्त्याच्या हातात द्या. आमच्याकडे यादी एकाच दाराला पोचली होती, त्यामुळे दुसऱ्या दाराने आलेल्या एका कुटुंबाला पाच मिनिटं थांबावं लागलं. तेवढंही व्हायला नको होतं.

२७ पैकी २३ खुर्च्या भरल्या. ऐरोलीचे आजी-आजोबा आले आणि मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी आजींनी मला पत्राची घडी दाखवली. पर्समध्ये ठेवली होती, कुणी अडवलंच तर दाखवायला म्हणून.

माझा कल कुठे आहे ते यावरून कळेलच. तरी पुढच्या कार्यक्रमाची तारीख आणि सभागृह पक्कं नसेल, तर खुर्ची कबूल करू नका. तेव्हा पैसेच द्या, पण क्रमांक न विचारता, पाकिटातून.