मागची बाजू बघून 'मॉडेल ओळखणाऱ्या' दुकानदाराने काय विकलं

घर बदलताना टीव्हीचा रिमोट हरवणं हे काही नवल नाही. नाशिकमध्येच सातपूरहून इंदिरानगरला सामान हलवलं, त्यात आमचा 43 इंची सॅमसंगचा रिमोट कुठे तरी गेला. नव्या हॉलमध्ये टीव्ही भिंतीवर लावायचा असं घरात आधीच ठरलं होतं, त्यामुळे रिमोट आणि वॉल ब्रॅकेट अशी दोन्ही खरेदी एकदमच करायची होती. अडचण मागच्या स्टिकरची होती. तो घासून घासून इतका पुसला होता की त्यावर UA43 एवढंच उरलं होतं, पुढचं सगळं पांढरं.

एम. जी. रोडच्या आतल्या बोळात रिमोट, चार्जर, केबल विकणारी छोटी दुकानं आहेत, त्यातल्या एकाचा नंबर ओळखीतून मिळाला. दुकानाचं नाव लिहीत नाही. फोन केल्यावर तो म्हणाला, "दादा, स्टिकर नसला तरी चालतं. मागच्या पोर्टचा आणि स्टँडचा फोटो टाका, मॉडेल लगेच सांगतो." फोटो पाठवला. थोड्याच वेळात उत्तर आलं: 2020 चं मॉडेल आहे, त्याला ओरिजिनल व्हॉइस रिमोटच लागतो, 1,850 रुपये; आणि ब्रॅकेटही त्याच मॉडेलचं स्पेशल येतं, 1,600 रुपये. पुराव्यादाखल एका टीव्हीचा फोटोही धाडला. पाय तसेच, पोर्टची रांगही तशीच. पैसे ऑनलाइन दिले, माल घरी आला, बिल मागितलं तर म्हणाला "नंतर टाकतो".

आता या 'फोटोवरून ओळखतो' प्रकारात खरं किती असतं ते सांगतो, कारण सगळा धंदा त्यावरच चालतो.

पोर्टवरून काही गोष्टी खरंच कळतात. लाल-हिरवा-निळा असा वेगळा कंपोनंट संच किंवा मॉनिटरसारखा व्हीजीए असेल तर टीव्ही जुना आहे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन भोकांऐवजी एकच बारीक हेडफोनसारखं भोक असेल तर त्यानंतरचा. कोणत्या एचडीएमआयशेजारी ARC छापलंय, लॅनचं भोक आहे की नाही, यावरून स्मार्ट की साधा आणि साधारण कुठल्या पिढीचा एवढा अंदाज बांधता येतो. पण एकच बोर्ड कंपनी 43 इंचातही घालते आणि 55 इंचातही, शिवाय पुढच्या वर्षीच्या मालिकेत थोडाफार फरक करून तोच चालवते. पायांचंही तसंच. एकाच घाटाचे पाय दोन-तीन मालिकांना असतात, आणि पाय तर स्क्रूने निघतात, त्यामुळे सेकंडहँड टीव्हीला भलत्याचेच लागलेले असू शकतात. थोडक्यात, फोटोवरून खानदान कळतं, नाव नाही. जो नुसत्या फोटोवरून पूर्ण मॉडेल नंबर आणि वर्ष ठामपणे सांगतो, तो अंदाजाला खात्रीचं लेबल लावून विकतोय.

रिमोट आला तो दिसायला झकास, पातळ काळा, वर माइकचं बटण. चालू-बंद, आवाज, चॅनल सगळं चाललं. माइक दाबला की मात्र पडद्यावर काहीच नाही. दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "तुमच्या टीव्हीतच व्हॉइस बंद असेल." आता टीव्हीवर आरोप आला म्हटल्यावर तपासणं भाग होतं. साउंड आउटपुटच्या मेनूत ब्लूटूथचा पर्याय दिसत होता, मुलीचा हेडफोन जोडला तर विनातक्रार जोडला गेला. म्हणजे टीव्हीचं ब्लूटूथ शाबूत.

मग रिमोट पाहिला. आवाजाचं हे खरं रिमोट ब्लूटूथवर बोलतं, म्हणून ते आधी टीव्हीशी जोडावं लागतं. सॅमसंगमध्ये रिमोट टीव्हीसमोर धरून रिटर्न आणि प्ले-पॉज ही दोन्ही बटणं एकत्र तीनेक सेकंद दाबायची, की जोडणीचा संदेश पडद्यावर येतो. इथे कितीही वेळ दाबून ठेवलं तरी संदेश आला नाही. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करायचा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड झोत कॅमेऱ्यात जांभळट ठिपका होऊन लुकलुकतो. (काही फोनचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो, म्हणून सेल्फीचा वापरा.) जोडलेलं ब्लूटूथ रिमोट साधारणपणे फक्त पॉवरच्या बटणाला असा लुकलुकतो, बाकी काम रेडिओवर होतं. आमच्या 'ओरिजिनल'चं मात्र आवाज, चॅनल, बाण, एकूण एक बटण लुकलुकत होतं. आणखी खात्री हवी होती म्हणून टीव्हीच्या खालच्या कडेला जिथे रिमोटचा झोत पडतो, तिथे मुलीला तळहात धरायला सांगितलं आणि आवाज वाढवला. वाढला नाही. हात काढला, वाढला. ब्लूटूथला हाताची अडचण होत नाही.

म्हणजे ती साधी इन्फ्रारेड कॉपी होती, व्हॉइस रिमोटच्या खोक्यात. असल्या कॉपी बाजारात तीन-चारशेच्या आसपास मिळतात आणि प्रामाणिक दुकानदार "व्हॉइस चालणार नाही" असं सांगूनच देतो, त्यात वावगं काही नाही. सॅमसंगचे इन्फ्रारेड कोड बऱ्याच वर्षांत फारसे बदललेले नाहीत, म्हणूनच कुठलीही कॉपी बऱ्यापैकी चालते आणि 'बघा, मॉडेल बरोबर ओळखलं' असं म्हणायला दुकानदार मोकळा होतो. मूळ रिमोटच्या पाठीवर किंवा सेलच्या खणात BN59 ने सुरू होणारा भाग क्रमांक छापलेला असतो. आमच्या रिमोटच्या पाठीवर काहीच नव्हतं, सेलचा खणही कोरा.

गंमत अशी की याच कॉपीने मी सेटिंग्जमधल्या सपोर्टमध्ये जाऊन टीव्हीची माहिती उघडली आणि पूर्ण मॉडेल नंबर तिथे होता. 43 च्या पुढे N, म्हणजे 2018. दुकानदाराने सांगितलेल्या मॉडेलमध्ये तिथे T होता, म्हणजे 2020. सॅमसंगच्या UA ने सुरू होणाऱ्या नंबरात आकड्यापुढचं पहिलं अक्षर वर्षाचं असतं: M 2017, N 2018, R 2019, T 2020. हा नंबर रिमोट नसतानाही मिळवता येतो. बहुतेक स्मार्ट टीव्हींना यूएसबीत कॉम्प्युटरचा साधा माउस लावला तर पडद्यावर बाण येतो. ते नाही जमलं तर खोकं, बिल, वॉरंटी कार्ड किंवा समोर चिकटवलेला वीज बचतीचा स्टार स्टिकर, यावर मॉडेल छापलेलं असतं. तो स्टार स्टिकर लोक पहिल्याच दिवशी सोलून काढतात, आमच्याकडेही तेच झालं होतं. नंबर मिळाला की सर्व्हिस सेंटरला रिमोटचा भाग क्रमांक विचारायचा आणि तोच मागायचा.

ब्रॅकेटची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त चीड आणणारी, कारण तिथे मॉडेल ओळखण्याची गरजच नव्हती. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात. त्यांच्यातलं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं की झालं. हे अंतर व्हेसा नावाच्या प्रमाणानुसार ठरलेलं असतं: लहान पडद्यांना 75 किंवा 100, मध्यम टीव्हीला बहुतेक 200, मोठ्यांना 400. आमचं भरलं 200 बाय 200. जे 'स्पेशल' म्हणून 1,600 ला आलं, ते अनेक खाचा असलेलं साधं प्लेट ब्रॅकेट होतं, कुठल्याही कंपनीच्या टीव्हीला लागणारं.

पाकिटात स्क्रू होते एम-4, एम-5 आणि एम-6, म्हणजे चार, पाच आणि सहा मिलिमीटर जाडीचे. बसवायला आलेल्या मुलाने एम-6 घातला तर तो भोकात नुसता डुलत होता. "काका, थोडी टेप गुंडाळतो, घट्ट बसेल," म्हणाला. मी टीव्ही खाली ठेवायला लावला. या टीव्हीची भोकं एम-8 ची होती, सॅमसंगच्या 43 इंच आणि वरच्या कितीतरी टीव्हींची तशीच असतात. एम-6 तिथे आटे धरतच नाही, टेपने तो काही दिवस थांबला असता आणि मग पडला असता. रविवार कारंजाजवळच्या हार्डवेअरमधून एम-8 आणले. लांबी ठरवायला पेनाची रिफिल भोकात तळापर्यंत घालून खूण केली, त्यात प्लेटची जाडी मिळवली आणि दोन मिलिमीटर कमी केले. लांब स्क्रू जोर लावून पिळला तर तो आतल्या बोर्डाला किंवा पडद्याला जाऊन भिडतो, आणि पडदा गेला की टीव्हीच गेला.

पोर्ट खरं तर ब्रॅकेटसाठी बघायचे असतात, पण वेगळ्या कारणाने. एचडीएमआयची भोकं बाजूला तोंड करून असतील तर भिंतीला चिकटणारं पातळ ब्रॅकेट चालतं. सरळ मागे तोंड असेल तर पिन भिंतीला टेकते, तेव्हा पाचेक सेंटिमीटर जागा सोडणारं ब्रॅकेट घ्यावं लागतं किंवा काटकोनी पिन. आमचं एव्ही आणि अँटेनाचं भोक मागे होतं. फोटो पाहून दुकानदाराने सांगायला हवं होतं ते एवढंच, आणि नेमकं तेच सांगितलं नाही.

परत करायला गेलो तर "उघडलेला माल परत नाही" हे ठरलेलं उत्तर. त्याला सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत येतं, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. तो हसला. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. सोबत त्याचा 'ओरिजिनल व्हॉइस रिमोट' लिहिलेला मेसेज, पैसे दिल्याची पावती आणि सेल्फी कॅमेऱ्यात लुकलुकणाऱ्या बटणांचा व्हिडिओ जपून ठेवला. तक्रारीचा क्रमांक त्याला पाठवल्यावर आवाज जरा मऊ झाला आणि रिमोटचे 1,850 परत आले. ब्रॅकेटचे मात्र नाहीत. "भिंतीला भोकं पाडली ना साहेब, म्हणजे वापरलं," असं म्हणाला.