अँजायनाची औषधं: कुणाला कोणतं, आणि देण्याआधी काय बघायचं

अँजायनाच्या पेशंटला बीटा ब्लॉकर द्यायचं, नायट्रेट की कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, हे डॉक्टर ठरवतात. पण आज, या वेळेला, ही गोळी या माणसाच्या हातावर ठेवायची का, हे प्रत्येक ड्यूटीला सिस्टरला ठरवावं लागतं. घरी गेल्यावर तेच काम पेशंटवर येतं. म्हणून ही तुलना औषधशास्त्राच्या पेपरासाठी नाही, गोळीचा ट्रे हातात असतानाची आहे.

‘यातलं भारी कोणतं?’ असं नातेवाईक हमखास विचारतात. हार्ट अटॅक येऊन गेलेला नसेल आणि हृदयाचं पंपिंग चांगलं असेल, तर दुखणं कमी करण्यात यातलं कुठलंही औषध दुसऱ्याच्या फार पुढे नाही. निवड होते ती पेशंटची नाडी, बीपी, दमा आहे का, पंपिंग किती आहे आणि दुखतं कधी, यावर.

अँजायना होतो तेव्हा हृदयाला लागणारा ऑक्सिजन आणि अरुंद झालेल्या धमनीतून पोचणारा ऑक्सिजन यांचा मेळ बसत नाही. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर ठोके कमी करून मागणीच घटवतात. हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतं, त्यामुळे ठोके मंदावले की पुरवठ्यालाही जास्त वेळ मिळतो. नायट्रेट शिरा सैल करतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याच्यावरचा भार उतरतो. कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरची मात्र दोन घराणी आहेत आणि ती एकच समजल्याने घोटाळे होतात. अ‍ॅम्लोडिपिन धमन्या सैल करतं, ठोक्यांना फारसा हात लावत नाही. डिल्टियाझेम आणि वेरापॅमिल धमन्या सैल करतातच, शिवाय ठोकेही कमी करतात.

| औषध | देण्याआधी बघा | कुणाला टाळतात |
|---|---|---|
| बीटा ब्लॉकर | नाडी पूर्ण १ मिनिट, बीपी, छातीत घरघर | दमा, आधीच मंद नाडी, हार्ट ब्लॉक |
| नायट्रेट | बीपी, सिल्डेनाफिल वा टाडालाफिल घेतलं का | बीपी खूप कमी असलेले |
| अ‍ॅम्लोडिपिन | बीपी, घोट्याची सूज | बीपी खूप कमी असलेले |
| डिल्टियाझेम, वेरापॅमिल | नाडी, बीपी, सोबत बीटा ब्लॉकर आहे का | कमी पंपिंग, मंद नाडी, हार्ट ब्लॉक |

आता बीटा ब्लॉकरच्या नाडीबद्दल जरा सविस्तर. ‘नाडी ६० च्या खाली असेल तर गोळी रोखा आणि कळवा’ हे वाक्य नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून पाठ असतं. पण अँजायनासाठी हे औषध देताना शांत बसलेल्या पेशंटची नाडी ५५ ते ६० वर आणणं हेच अनेकदा डॉक्टरांचं उद्दिष्ट असतं. मग ५८ नाडी बघून सकाळची गोळी रोखली जाते, संध्याकाळी ठोके ९० वर जातात आणि जिना चढताना पेशंटची छाती पुन्हा भरून येते. त्यामुळे मर्यादा डॉक्टरांकडून केस पेपरवर आकड्यात लिहून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी नाडी ५० च्या खाली किंवा वरचं बीपी ९० ते १०० च्या खाली असेल तर डोस थांबवून कळवतात. नाडी ५४ असली तरी पेशंट चक्कर येते म्हणतोय, डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा धाप लागतेय, तर आकडा मर्यादेत आहे म्हणून गोळी देऊन टाकायची नाही. आधी कळवायचं.

नाडी मोजताना मनगटावर १५ सेकंद मोजून चाराने गुणणं इथे चालत नाही. स्टेथोस्कोप डाव्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या जागेत, गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली ठेवायचा आणि पूर्ण मिनिट ऐकायचं. मध्येच ठोका गळतोय का, हे तेव्हाच कळतं.

घरी सांगण्याची सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही गोळी एकदम बंद करायची नाही. मेडिकलमध्ये स्ट्रिप मिळाली नाही म्हणून चार दिवस गॅप पडला, की दाबून ठेवलेले ठोके उसळतात. अँजायना वाढतो, हार्ट अटॅकही येऊ शकतो. थांबवायचीच असेल तर डॉक्टर ती साधारण एक ते दोन आठवड्यांत उतरवत आणतात. म्हणून पेशंटला सांगायचं, ‘काका, शेवटच्या सात गोळ्या राहिल्या की नवीन आणायच्या.’ एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. मधुमेह असेल तर आणखी एक सूचना द्यावी लागते. साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या औषधाने झाकली जाते, घाम मात्र सुटतो. विनाकारण घाम सुटला की आधी साखर तपासायची.

नायट्रेटची दोन कामं आहेत. जिभेखालची गोळी चालू दुखणं थांबवायला असते, तर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटसारखी गिळायची गोळी दुखणं येऊ नये म्हणून. जिभेखालची गोळी जवळपास प्रत्येक पेशंटच्या खिशात असावी लागते, बाकी कुठलंही औषध चालू असो. आपल्याकडे ती बहुधा सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम असते. छाती दाबायला लागली की आहे तिथे बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, चावायची नाही, पाण्याने गिळायची नाही. उभ्याने घेतली तर बीपी उतरून माणूस पडतो. ५ मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं, तर १०८ ला फोन करायचा. गाडीची वाट बघताना ५-५ मिनिटांनी दुसरी आणि तिसरी घेता येते, त्यापुढे नाही. वॉर्डात गोळी देण्याआधी आणि ५ मिनिटांनी बीपी बघायचं. डोकं दुखणं हा औषधाचाच परिणाम आहे, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरून पुढच्या वेळी गोळी घेतच नाही.

छातीत दुखलं की कुणालाही सॉर्बिट्रेट द्या, असे मेसेज मोबाइलवर फिरतात. ते धोकादायक आहेत. हृदयाच्या उजव्या बाजूच्या अटॅकमध्ये ही गोळी बीपी धाडकन खाली आणू शकते. ज्याच्या नावाने लिहिली आहे त्यानेच ती घ्यावी.

एक प्रश्न संकोच बाजूला ठेवून विचारावाच लागतो, शक्यतो नातेवाईक बाहेर असताना. ‘काका, ताकदीची किंवा लैंगिक संबंधासाठीची कुठली गोळी घेता का?’ सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही, बीपी जीवघेणं उतरतं. टाडालाफिल प्रोस्टेटसाठीही रोज दिलं जातं. तो पेशंट ‘तसलं काही घेत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतो, म्हणून प्रोस्टेटची गोळी वेगळी विचारायची.

गिळायच्या नायट्रेटमध्ये चूक होते ती वेळेची. शरीराला हे औषध सतत मिळालं तर त्याचा असर ओसरतो. त्यामुळे २४ तासांत १० ते १४ तास औषधाविना जावे लागतात. मोनोनायट्रेटची साधी २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असेल, तर सकाळी ८ आणि दुपारी ३ अशी देतात. पण चार्टवर नुसतं ‘दोनदा’ असलं की वॉर्डाच्या सवयीने ती ८ आणि ८ ला जाते आणि काही दिवसांनी ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. पॅच असेल तर रात्री काढायचा आणि दुसऱ्या दिवशी नवीन जागी लावायचा.

आता एक काल्पनिक केस. वय ५८, किराणा दुकानदार, मधुमेहाची गोळी चालू, दमा नाही. दुसऱ्या मजल्यावर चढताना छाती दाबते, ३ मिनिटं थांबलं की जाते. नाडी ८६, बीपी १४८/९०, इकोत पंपिंग चांगलं. इथे मेटोप्रोलॉलची दीर्घकाळ चालणारी ५० मिलिग्रॅमची गोळी आणि खिशात सॉर्बिट्रेट, ही निवड सरळ आहे. नाडीला खाली यायला वाव आहे आणि बीपीही जास्त आहे. तीन आठवड्यांनी नाडी ६०, बीपी १३६/८४, पण भरभर चढताना अजून दुखतं. आता मेटोप्रोलॉल वाढवायला जागा थोडी, म्हणून डॉक्टर अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम जोडतात. ही जोडी चांगली बसते, कारण धमन्या सैल झाल्यावर हृदय वेग वाढवू बघतं आणि बीटा ब्लॉकर तो धरून ठेवतं. महिन्याने घोटे सुजले तर वजन, धाप आणि रात्री सपाट झोपता येतं का, हे विचारायचं. यातलं काहीच बिघडलं नसेल तर ती बहुधा अ‍ॅम्लोडिपिनची सूज असते. लघवीच्या गोळीने ती नीट उतरत नाही, डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात.

याच माणसाने गावाकडच्या दुसऱ्या डॉक्टरांना जुन्या गोळ्या दाखवल्या नाहीत आणि तिथे डिल्टियाझेम सुरू झालं, तर चार-पाच दिवसांत तो ‘गरगरतंय’ म्हणत येईल. नाडी ४२, बीपी ८८/५६. दोन्ही औषधं ठोके मंदावणारी, आणि दोन्हींचा असर एकत्र झालेला. अशा वेळी पुढचे डोस थांबवून त्याला आडवं करायचं, ईसीजी काढायचा, मॉनिटर लावायचा, सलाईनची सुई लावून ठेवायची आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचं. वेरापॅमिल आणि बीटा ब्लॉकर ही जोडी तर शक्यतो टाळतातच.

तपशील बदलले की निवडही बदलते. त्याला दमा असता तर बीटा ब्लॉकरऐवजी डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिन पुढे आलं असतं. नाडी मुळातच ५२ असती तर अ‍ॅम्लोडिपिन. पंपिंग कमी असतं तर डिल्टियाझेम आणि वेरापॅमिल बाद, आणि बीटा ब्लॉकर पाहिजेच, पण पाणी भरलेली अवस्था ओसरल्यावर अगदी लहान डोसपासून. दुखणं चढताना न होता पहाटे झोपेत होत असतं, धमनीला पेटका येणाऱ्या प्रकारातलं, तर कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर पहिलं, कारण तिथे बीटा ब्लॉकरने पेटका वाढू शकतो.

घरी पाठवताना पेशंटकडूनच वदवून घ्यायचं. छाती दाबली तर काय करणार, गोळी कुठे ठेवली आहे, कुठली गोळी मनाने बंद करायची नाही. सगळ्या गोळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगायचं आणि दातांच्या डॉक्टरांसकट प्रत्येकाला ते दाखवायला सांगायचं. पूर्वी दोन मजल्यांवर येणारं दुखणं एका मजल्यावर यायला लागलं, बसल्या बसल्या यायला लागलं किंवा आठवड्याला लागणाऱ्या सॉर्बिट्रेटच्या गोळ्या वाढल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायला यायचं.