उंचीसाठी एक रकाना की दोन?

पेडण्याच्या आरोग्य शिबिराची वही संगणकावर चढवणाऱ्या ताईंनी विचारलं: उंची जशी लिहिलीय तशी एकाच रकान्यात टाकू, की फूट आणि इंच वेगळे?

वेगाने भरायला एक रकाना बरा, पण धोका तिथेच आहे. 5.10 टाइप केलं की शीट शेवटचं शून्य गाळून 5.1 ठेवते. मग 5 फूट 10 इंच आणि 5 फूट 1 इंच यांत फरकच उरत नाही. त्या 5.1 ला 30.48 ने गुणलं तर 155.4 सेंमी येतात. खरी उंची 177.8. वजन 70 किलो असेल तर बीएमआय 22.1 ऐवजी 29 दिसतो, आणि धडधाकट माणूस जाड ठरतो. 5-10 लिहिलं तर तारीखच होते.

दोन रकान्यांत टाइप करणं थोडं वाढतं, पण फूट B मध्ये आणि इंच C मध्ये असले की सेंमीचं सूत्र सरळ:

```
=(B2*12+C2)*2.54
```

इंचांत 12 किंवा जास्त आकडा दिसला की चूक लगेच कळते.

वीस-पंचवीस नावं असतील तर फूट-इंचांचे सेंमी दाखवणारा तक्ता बघून सेंमी थेट हाताने लिहा. यादी मोठी असेल तर दोन रकानेच घ्या. एक रकाना आधीच भरला असेल, तर 5.1 च्या प्रत्येक ओळीसाठी कागदी वही उघडावीच लागेल.