फीडिंग ब्रा आणि बाळंतपणानंतर बदलत राहणारे माप : ११ महिन्यांचा अनुभव

माझे बाळ आता ११ महिन्यांचे आहे आणि ते अजूनही अंगावर पिते. या काळात मी तीन प्रकारच्या फीडिंग ब्रा वापरल्या. सुरुवातीच्या खरेदीतील बरेच पैसे वाया गेले. त्याचे कारण ब्रांच्या दर्जात नव्हते, तर मी माप चुकीच्या वेळी आणि चुकीच्या समजुतीने घेतले होते. ब्राचे माप हा एकच आकडा आहे आणि तो बाळंतपणात वाढतो, एवढेच मला ठाऊक होते. प्रत्यक्षात त्यात दोन मापे असतात. बरगड्यांभोवतीचा घेर बँड ठरवतो, आणि स्तनांवरून घेतलेला घेर त्याहून किती जास्त आहे यावर कप ठरतो. बाळंतपणात ही दोन्ही मापे वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या गतीने आणि पुष्कळदा उलट दिशांना बदलतात.

गरोदरपणाआधी माझा स्तनांखालचा घेर ७५ सेंटिमीटर आणि स्तनांवरचा ९० होता, म्हणजे ३४ बी. (७३ ते ७७ सेंटिमीटरला ३४, ७८ ते ८२ ला ३६ आणि ८३ ते ८७ ला ३८ हा बँड. फरक १४ ते १६ असला तर बी कप, आणि पुढे दर दोन सेंटिमीटरला एक कप वाढतो. काही कंपन्यांचा तक्ता थोडा निराळा असतो, म्हणून मापे सेंटिमीटरमध्येच लिहून ठेवावीत.) ३६व्या आठवड्यात हीच मापे ८१ आणि ९८ झाली, म्हणजे ३६ सी. गर्भाशय वर सरकते तशा खालच्या बरगड्या बाहेरच्या बाजूला पसरतात, त्यामुळे बँड वाढतो. ही वाढ चरबीची नसल्यामुळे प्रसूतीनंतर काही आठवड्यांत ती बरीचशी ओसरते. त्या वेळी मी जाड, साच्यातल्या कपांच्या तीन ब्रा घेतल्या, आणि त्याही मधल्या हुकावर बसणाऱ्या. प्रसूतीनंतर घेर कमी होणार असतो, म्हणून शेवटच्या महिन्यात घ्यायची ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसणारी हवी, म्हणजे पुढे आतले हूक वापरता येतात. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत घेताना याच्या नेमके उलट करावे लागते, कारण तेव्हा घेर अजून वाढायचा असतो.

बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली आणि वरचा घेर १०४ भरला. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम उतरते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरपूर येऊ लागते. तेव्हाची सूज केवळ दुधाची नसते. स्तनांकडे वाढलेले रक्त आणि ऊतींमध्ये साठलेले पाणीही तिच्यात असते. म्हणून त्या आठवड्यातल्या मापावर खरेदी करू नये. माझ्या तीनही नव्या ब्रा तेव्हा बसेनात. बहिणीने आणलेली, हूक नसलेली, समोर एकावर एक येणारी ताणाची सुती ब्राच मी दिवसरात्र घातली. पहिल्या दोन आठवड्यांसाठी अशा दोन-तीन ब्रा पुरतात, आणि त्या लहान-मध्यम-मोठ्या अशाच मापात मिळतात.

माझी मुख्य चूक बाराव्या दिवशी झाली. ३६ सी चे कप काखेकडे काचत होते, म्हणून मी "एक साइझ मोठी" मागवली आणि ३८ सी आली. सुरुवातीला ती मोकळी वाटली. पण दोन दिवसांत मागचा बँड पाठीवर वर चढू लागला, खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठू लागले आणि पाजण्यासाठी एका बाजूची क्लिप उघडली की संपूर्ण ब्राच त्या बाजूला ओढली जाऊ लागली. हे शेवटचे लक्षण फीडिंग ब्राचे खास आहे आणि बँड सैल असल्याची ती पक्की खूण आहे, कारण क्लिप उघडल्यावर वजन धरायला बँडच उरतो. तिसऱ्या आठवड्यात नीट माप घेतले तेव्हा खालचा घेर ७९ आणि वरचा ९८ भरला, म्हणजे ३६ डी. ३६ डी आणि ३८ सी या दोन्हींच्या कपात जागा सारखीच असते, त्यामुळे कपाची अडचण मिटली होती. मात्र बरगड्या आत येत असताना मी बँड मोठा करून बसले होते. कप काचत असेल तर मापातले अक्षर वाढवावे, आकडा नव्हे. बँड काचत असेल तरच आकडा वाढवावा, आणि तेव्हा कपातली जागा तेवढीच ठेवण्यासाठी अक्षर एकाने मागे घ्यावे.

माप कोणत्या वेळी घ्यावे, याचे उत्तर मला दहाव्या आठवड्यात मिळाले. सकाळी पाजण्यापूर्वी वरचा घेर ९७ होता आणि पाजून झाल्यावर ९३. एका कपाची पायरी दोन सेंटिमीटरची असल्यामुळे मी एका सकाळीच दोन कपांचा प्रवास करत होते. तेव्हापासून मी पाजल्यानंतर साधारण तासाभराने, पॅड नसलेल्या पातळ ब्रावर माप घेते आणि मधला आकडा धरते. त्या दिवशी तो ९४ होता, खालचा घेर ७७, म्हणून ३४ सी. एक स्तन मोठा असेल तर मोठ्याच्या मापाने कप घ्यावा, आणि घालून पाहताना आत दुधाचे पॅड ठेवूनच पाहावे. साच्यातला ताठ कप हा रोजचा चढउतार सामावून घेऊ शकत नाही. वरचा भाग ताणाच्या कापडाचा असलेली सुती ब्रा तो सामावते, आणि तशा दोन ब्रा मी आजही वापरते आहे.

याच सुमारास छाती मऊ झाली आणि घरात दूध आटले की काय अशी काळजी सुरू झाली. आईने अळिवाचे लाडू वाढवले. वास्तविक सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान दुधाचे प्रमाण बाळाच्या मागणीशी जुळत जाते आणि सुरुवातीची सूज राहत नाही, म्हणून स्तन लहान आणि मऊ होतात. बाळाचे दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत होते आणि वजन वाढत होते, यावरून दूध पुरते आहे हे कळले. लहान झालेल्या मापावरून ते ठरवता येत नाही.

एक त्रास मात्र सविस्तर सांगायला हवा. पाचव्या आठवड्यात ३६ सी ची जुनी ब्रा रात्री घालून झोपले आणि सकाळी डाव्या स्तनाच्या बाहेरच्या, खालच्या भागात दुखणारी कडक गाठ आली. क्लिप उघडल्यावर स्तनाभोवती राहणाऱ्या आतल्या कापडी चौकटीची कड नेमकी तिथेच रुतत होती. ब्रा बदलली, गार शेक दिला आणि नेहमीसारखे पाजत राहिले. दोन दिवसांत गाठ गेली. गाठ जोरात चोळू नये, त्याने सूज वाढते. ताप आला, त्वचा लाल झाली किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. ब्रा काढल्यावर अर्ध्या तासानेही वळ दिसत असेल, तर ती घालू नये. सुरुवातीच्या महिन्यांत तार असलेल्या ब्रा मी याच कारणासाठी टाळल्या.

सहाव्या महिन्यात उष्टावण झाले, हळूहळू पाजण्याच्या वेळा घटल्या आणि आठव्या महिन्यात माप ७६ आणि ९१ वर आले. आकड्यांनी मी पुन्हा ३४ बी आहे, पण सातव्या महिन्यात पाळी परत आल्यापासून तिच्या आधीचे तीन-चार दिवस तोच कप काचतो. त्यामुळे साध्या ब्रा मी अजून घेतलेल्या नाहीत. दूध पूर्ण सुटल्यावर स्तनांतील दूध तयार करणाऱ्या ऊती आकसायला काही महिने लागतात, म्हणून पुढचे माप बाळाचे पिणे थांबल्यानंतर तीन महिन्यांनी घ्यायचे ठरवले आहे.