‘चामडं’ नीट म्हणेना: अवतार प्रेझेंटर काही महिने वापरल्यानंतर

स्क्रिप्ट लिहून दिली की पडद्यावरची अवतार बाई ती व्हिडिओत बोलून दाखवते, असं हे ॲप. गेल्या आठवड्यात त्याला अपडेट आलं आणि माझी उच्चारांची अख्खी डिक्शनरी रिकामी झाली. सपोर्टला लिहिलं, तर उत्तर आलं, ‘आमच्याकडे मराठी उपलब्ध आहे.’ उपलब्ध आहे हो, पैसे भरतोय म्हणजे माहीतच आहे! उपलब्ध असलेली ती मराठी ‘चामडं’चा च ‘चिमणी’सारखा म्हणते, तक्रार ती आहे.

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान. अवतार बाई नवीन माल दाखवते, गिऱ्हाईक ते व्हॉट्सॲपवर बघतं. दिसायला झकास, पण पहिल्याच व्हिडिओखाली महाद्वार रोडवरचा एक मित्र लिहून गेला, ‘बाई कुठली रे?’ आपल्याकडे च आणि ज दोन तऱ्हांनी म्हणतात, पण लिहिताना अक्षर एकच. हे ओठांवरही दिसतं. ‘चिमणी’तल्या च ला ओठ जरा पुढे येतात, ‘चामडं’तल्या च ला मागे पसरलेले राहतात. अवतारचं तोंड आवाजावरून हलतं, त्यामुळे उच्चार चुकला की तोंडही चुकतं. आवाज बंद करून बघितलं तरी कळतं.

उपाय म्हणून मी स्क्रिप्टमध्ये ‘त्सामडं’ लिहायला लागलो. उच्चार सुधारला, पण खाली सबटायटलमध्येही ‘त्सामडं’ झळकलं. मग डिक्शनरी भरली. ती नेमका तोच शब्द ओळखते, त्यामुळे चामडं, चामड्याचा, चामड्याची सगळं वेगवेगळं भरायचं. सरसकट सगळे च बदलूनही भागत नाही, कारण ‘चामड्याची’मधला पहिला च दाताशी लागतो आणि शेवटची ‘ची’ टाळूशी. एवढं सगळं भरलं आणि अपडेटने पुसलं.

आधी इथे एकच स्टार देणार होतो. पण डिक्शनरी गेल्यावर शोधताना `sub` टॅग सापडला आणि मत बदललं. बोलायचं रूप वेगळं द्यायचं, मूळ शब्द तसाच ठेवायचा. सबटायटल मूळ शब्दच घेतं, आणि टॅग स्क्रिप्टमध्येच असल्यामुळे कुठलंही अपडेट तो पुसत नाही. ‘जोडा’ला alias मध्ये, म्हणजे बोलायच्या रूपात, ‘ज़ोडा’ देतो. पुरता बरोबर नाही, पण दुकानात खपून जातो. आयपीए या उच्चारांच्या लिपीत लिहायचा `phoneme` टॅगही आहे, पण या ॲपचा मराठी आवाज त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

दुसरी गोष्ट वाक्याच्या लांबीची. मी आधी असं लिहिलं होतं: ‘बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली ही कापशी चप्पल आमच्याकडे 1250 रुपयांना मिळते.’ वाचायला ठीक आहे. पण बाई अर्ध्यात सूर सोडते आणि शेवटी पुटपुटल्यागत होते. शिवाय प, फ, ब, भ, म ला ओठ मिटावे लागतात. ‘बाभळी’त ते लागोपाठ दोनदा येतं आणि वेग जास्त असला की दुसऱ्यांदा मिटतच नाहीत. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. आता वेग कमी करून, मध्ये थांबा देऊन असं लिहितो:

```
<prosody rate="90%">
हे <sub alias="त्सामडं">चामडं</sub> बाभळीच्या सालीत कमावलंय.
<break time="400ms"/>
शिलाई हाताची आहे.
<mark name="point"/> आता ही कापशी बघा.
किंमत साडेबाराशे रुपये.
</prosody>
```

आकडा अक्षरात लिहायचा, नाहीतर ‘एक हजार दोनशे पन्नास’ ऐकावं लागतं. कोल्हापुरात असं कोण बोलतं? हिरडा गाळला. तो विचारणारं गिऱ्हाईक दुकानात येऊनच विचारतं.

हाताच्या खुणेसाठीच्या `mark` टॅगचं थोडक्यात. हात वर यायला वेळ लागतो, म्हणून ‘बघा’च्या जवळ टॅग ठेवला तर शब्द संपल्यावर बोट दिसतं. टॅग वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. दोन खुणा जवळजवळ ठेवल्या तर दुसरी गायब होते आणि तसा इशाराही मिळत नाही. मी एका व्हिडिओत एक-दोनच ठेवतो. तेवढ्यानेही बाई काहीतरी दाखवतेय असं वाटतं, हे मात्र अनपेक्षित सुख.

पैशाचं सांगतो. व्हिडिओ बनवला की क्रेडिट कापतं, उच्चार चुकला तरी कापतंच. नुसता आवाज ऐकायला इथे पैसे लागत नाहीत, पण ते बटण मेनूच्या आत दडवलंय. मी आवाज दोनदा ऐकतो, दुसऱ्यांदा डोळे मिटून, आणि मगच व्हिडिओ करतो. तेव्हापासून क्रेडिट महिनाभर पुरतं.

तीन स्टार. वर्षाच्या प्लॅनवर सूट आहे म्हणून रोज मेल येतोय. डिक्शनरी परत मिळेपर्यंत मी महिन्याचेच भरणार. सगळ्या स्क्रिप्ट टॅगसकट माझ्या स्वतःच्या फाईलमध्ये ठेवल्यात.